वगळलेल्या एकोणीस जणी

रोज सकाळी साडेआठला ती सर्वात आधी एका ठोकळ्याला टेबलावर झोपवते. पारदर्शक प्लॅस्टिकचा ठोकळा, आत मणक्यासारखे चार तुकडे. त्यांची घनता किती, हे कारखान्यानेच लिहून दिलेलं असतं. मशीनचा हात ठोकळ्यावरून हळूहळू सरकतो आणि पडद्यावर आकडा येतो. तो रोजच्या आसपास असला की तिचा दिवस सुरू होतो. नसला तर बाहेर बाकावर कितीही माणसं बसलेली असोत, ती दार उघडत नाही.

अठरा वर्षं हेच काम. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला तिची खोली आहे. टेबलाखालून दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण निघतात, अंगातून आरपार जातात आणि वरच्या हातात टिपले जातात. हाड त्यांना एका तऱ्हेने अडवतं, चरबी दुसऱ्या, मांस तिसऱ्या. त्या फरकावरून मशीन हिशेब करतं, की या माणसात हाड किती, चरबी किती, बाकीचं किती. त्या सात-आठ मिनिटांत माणसाने निपचित पडून राहायचं असतं. म्हणून "हलू नका" हे दोन शब्द ती दिवसाला शंभरदा म्हणते, आणि म्हणून वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला हलूनकाताई म्हणतात. लग्नाच्या फोटोतही हिने फोटोग्राफरच्या आधी नवऱ्याला दटावलं होतं, असं तिची नणंद अजून सांगते. ते खरं नाही. तेव्हा ती या कामाला लागलीही नव्हती. पण ऐकणाऱ्यांना पटतं.

त्या मंगळवारी ठोकळ्याचा आकडा बरोबर आला, आणि दार उघडल्यावर पहिली आत आली ती ठिणगी.

ठिणगी हे तिला आखाड्यात मिळालेलं नाव. वय एकोणीस, कुस्तीगीर, क्रीडा प्रशिक्षण केंद्रात राहणारी, मान जाड, खांदे गोल, चालताना उजवा पाय किंचित राखून टाकणारी. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती: नडगीच्या हाडाला ताणाने तडा गेल्याचा संशय, हाडांची घनता पाहावी. गुरुवारी मोठ्या मशीनवर पायाचं चित्र काढायचं होतं.

"लवकर होईल ना, ताई? अकराची बस आहे."

"हलली नाहीस तर लवकर होईल. कानातलं काढ. ओठ का असे सुकलेत?"

"वजन उतरवतेय. शनिवारी निवड चाचणी आहे. त्रेपन्न किलोच्या गटात उतरायचंय."

ताईने तिला काट्यावर उभं केलं. चोपन्न किलो सहाशे.

"अजून दीड किलो."

"एक किलो सहाशे," ठिणगी म्हणाली. "ते पाण्यातच जाईल. शेवटचे दोन दिवस पाणी बंद."

हे ती असं बोलली, जणू बसचं वेळापत्रक सांगावं.

ताईने तिला टेबलावर आडवं केलं, पायांच्या अंगठ्यांजवळ पट्टा बांधला, तळवे मांड्यांपासून जरा लांब ठेवले. चिठ्ठीत विचारायची नेहमीची माहिती होती, ती विचारत गेली. औषधं? नाहीत. पूर्वी हाड मोडलंय? नाही. पाळी?

"दोन महिने नाही आली. बरंच आहे, कटकट नाही."

ताईने पेन थांबवलं, मग लिहिलं. "हलू नकोस," ती म्हणाली.

मशीनचा हात डोक्यापासून पायाकडे निघाला. पडद्यावर ठिणगी ओळीओळीने उमटू लागली, आधी कवटी, मग खांदे, फासळ्या, कमरेचा कटोरा. ताईला हे पाहायची इतकी सवय होती की माणसाकडे बघायच्या आधी ती पडद्याकडे बघे. शेवटी आकडे आले. हाडांची घनता तिच्या वयाच्या मानाने कमी. आणि त्याखाली, चरबी: पंधरा पूर्णांक दोन टक्के.

"तुमच्या केंद्रात वजन उतरवायला परवानगी कशी दिली गं तुला? नियम आहे ना?"

"आहे की. मुलींची चरबी चौदा टक्क्यांच्या खाली जाईल इतकं वजन उतरवायचं नाही. पण माझी बावीस आली होती. सरांनी फोनवर मोजली."

"कधी?"

"सहा आठवडे झाले. तेव्हा सत्तावन्न होते मी. सरांनी गणित मांडलं, म्हणाले, पोरी, तू बावन्नपर्यंत जाऊ शकतेस, त्रेपन्न काय घेऊन बसलीस."

ताईने पडद्यावरच्या आकड्याकडे पुन्हा पाहिलं. त्या फोनला केंद्रात जागा मिळाली होती ती तिच्याच कामामुळे.

मागच्या वर्षी मॅडमनी, म्हणजे शरीररचनेच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी, एक अभ्यास केला होता. प्रश्न साधा होता. शेजारच्या खोलीत एक फिरता चौथरा होता. त्यावर घट्ट कपडे घालून, केसांवर टोपी चढवून माणूस उभं राहिलं की चौथरा गर्रकन एक फेरा घेई आणि अंतर मोजणारे कॅमेरे अंगाचा त्रिमितीय पुतळा बनवत. आणि एक फोन होता. त्याला उंची-वजन सांगायचं, समोरून आणि बाजूने असे दोन फोटो द्यायचे. तोही आकृतीवरून पुतळा उभा करी आणि घेर, आकारमान पाहून चरबीचा अंदाज सांगे. दोघांनाही अंगाच्या आतलं काही दिसत नसे. हजारो माणसांच्या आकारांवरून शिकलेलं गणित म्हणे, असा आकार असलेल्या माणसात साधारण एवढी चरबी असते. हा अंदाज ताईच्या मशीनच्या किती जवळ येतो, ते पाहायचं होतं. साठ खेळाडू मुली आल्या. तिन्ही मोजमापं ताईनेच घेतली. पुतळा फोनपेक्षा थोडा बरा निघाला, पण फोनही छान निघाला. सरासरी फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, जवळपास सगळ्या मुली तीन टक्क्यांच्या आत. चौथरा उचलून नेता येत नाही. फोन खिशात मावतो. केंद्र इथून दोन तासांवर, मुली चाळीस. कोच सरांनी तो अहवाल लॅमिनेट करून भिंतीवर लावला होता.

"ऊठ," ताई म्हणाली. "बस अकराची ना? पाच मिनिटं दे मला."

कपाटातून तिने अभ्यासातला तोच फोन काढला, तिपाईवर बसवला. ठिणगीचे केस वर बांधले, फरशीवरच्या पावलांच्या खुणांवर तिला उभं केलं. हात अंगापासून लांब, श्वास सोडून थांब. समोरून एक, बाजूने एक. काही क्षणांत फोनवर करडा पुतळा फिरू लागला आणि खाली आकडा आला. वीस पूर्णांक सहा.

"हात नीट नव्हते," ताई म्हणाली. "परत."

एकोणीस पूर्णांक आठ.

"हनुवटी वर होती. परत एकदा."

वीस पूर्णांक एक.

ताईचं बोट आपोआप पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथे एक चौकट होती. चित्र खराब, वगळा. तिने ती दाबली.

ठिणगी मागून वाकून बघत होती. "खराब काय आहे त्यात?"

"अं?"

"नाही, मी अशीच दिसते. बरोबर आहे की पुतळा. खांदे बघा."

ताईने पाहिलं. पुतळा खरंच बरोबर होता. खांदे, मांड्या, जाड मान, सगळं. हात अंगापासून हवे तेवढे लांब होते. हनुवटी सरळ होती.

"तू निघ," ती म्हणाली. "आणि पाणी पी. मी सरांना फोन करते."

दारात पोचलेली ठिणगी थांबली. "काय सांगणार?"

"अजून माहीत नाही."

"ताई, त्रेपन्नमध्ये माझ्यासमोर कुणी नाही. त्याच्या वर थेट सत्तावन्न आहे, तिथे दोघी अशा आहेत की मला उचलून कोपऱ्यात ठेवतील. वर्षभर वाट बघितलीय." तिचा आवाज चढला नव्हता. "काही सांगू नका ना."

सरांना फोन लागला नाही. लागला असता तर काय बोलली असती, हेही तिला ठरवता आलं नाही. दिवसभर ती एकच गणित करत राहिली. सहा आठवड्यांपूर्वी सत्तावन्न किलो दोनशे, चरबी बावीस. म्हणजे चरबी सोडून उरलेलं वजन साडेचव्वेचाळीस किलो. आज मशीन म्हणतंय सव्वासेहेचाळीस. सहा आठवडे अर्धपोटी राहिलेल्या पोरीचं मांस पावणेदोन किलोने वाढलं कसं? वाढत नाही. त्यातून आज अंगात पाणी कमी. पाणी कमी असलं की मशीनला मांस उलट थोडं कमीच दिसतं. तेव्हा बावीस नव्हतेच. फार तर अठरा असतील.

पण एखाद्या मुलीत फोन चुकणारच. प्रश्न तो नव्हता. त्या चौकटीवर बोट गेलं कसं, हा होता.

संध्याकाळी ती नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसली. तो शिंपी. बाजारात त्याला सगळे टेलर म्हणतात, घरी तीही चिडली की टेलर म्हणते. दुकान एवढंसं, दोन मशीनं, भिंतीला टेकलेले कापडाचे तागे, आणि मापांच्या लांबोळक्या वह्या. एक जुनं गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला आलं होतं. टेलरने वहीत त्याचं नाव शोधलं, पानावर उशीची खोळ टाकली आणि मग टेप गळ्यातून काढली.

"पान का झाकलंत?" गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं. वीस वर्षांत हे तिने कधी पाहिलंच नव्हतं, किंवा पाहून विचारलं नव्हतं.

"त्यात मागच्या वेळचं माप आहे ना."

"मग बघून घ्यायचं, सोपं पडेल."

"सोपं पडतं म्हणूनच नाही बघायचं." त्याने सुईत दोरा ओवला. "बेचाळीस दिसलं की माझा हात टेप बेचाळीसलाच आणतो. जरा सैल सोडतो, नाहीतर जरा आवळतो. मुद्दाम नाही गं. हातच तो. माणूस पोट सुटून आलेला असतो आणि मी त्याला जुन्याच कोटात कोंबतो."

ती खोळीखालच्या पानाकडे बघत राहिली.

"काय झालं? मशीन बिघडलं?"

"मशीन बरोबर आहे."

"मग चेहरा असा का, गिऱ्हाइकाने कोट परत आणल्यासारखा?"

"माझ्या वहीचं पान उघडं होतं, टेलर," ती म्हणाली. "साठच्या साठ वेळा."

त्याला नीट कळलं नाही, पण त्याने मशीन थांबवलं आणि तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

बुधवारी ती साडेसातला कामावर गेली. ठोकळा झोपवला, आकडा लिहिला. मग अभ्यासाचा फोन संगणकाला जोडला. वगळलेली चित्रं त्यात तशीच होती. वगळणं म्हणजे पुसणं नव्हे, फक्त बाजूला सारणं.

साठ मुलींची एकशे सत्तावन्न मोजमापं होती. अहवालात गेली एकेचाळीस. उरलेल्या एकोणीस मुलींपुढे तिच्याच हाताने शेरा होता: चित्र खराब, वगळले. मॅडमनी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, मुली नीट उभ्या राहात नाहीत. मॅडमचा तिच्यावर विश्वास होता. अठरा वर्षं जी बाई हललेलं चित्र परत घेते, तिने खराब म्हटलं म्हणजे खराब.

तिने एकोणीस पुतळे एकेक करून उघडले. चेहरे झाकलेले, करडे, शांत. हललेली एक होती. एकीच्या केसांची टोपी सुटली होती. एकीने ढगळ चड्डी घातली होती. उरलेल्या सोळांमध्ये तिला काहीच सापडलं नाही. त्या नीट उभ्या होत्या. खराब होता तो फक्त त्यांचा आकडा, कारण त्याआधी अर्धा तास तिने त्यांना मशीनवर झोपवलं होतं आणि खरा आकडा तिच्या डोक्यात होता. आकडे जुळले की चित्र चांगलं. नाही जुळले की परत. जरा हात हलवला, श्वास बदलला की टक्का-दीड टक्का इकडेतिकडे होई. जवळ आलं की ते ठेवायचं. तीनदा करूनही नाही आलं तर चित्र खराब.

तिने कुणाला फसवलं नव्हतं. तिला फक्त चांगलं चित्र हवं होतं. तेच जास्त बोचलं.

मग तिने कागद घेतला आणि पहिल्यांदा घेतलेलीच मोजमापं, साठ जणींची, ओळीने लिहिली. सरासरी फरक एक टक्काही निघाला नाही. एवढी गंमत, की नुसती सरासरी पाहिली असती तर फोन अजूनही छानच ठरला असता. पण एकेक मुलगी पाहिली तर कुणी सहाने खाली, कुणी सातने वर. आणि वरखाली कशाही नव्हत्या. गोळाफेक करणाऱ्या अंगाने भरलेल्या मुली फोनला खऱ्यापेक्षा बारीक वाटत होत्या. कुस्तीच्या, वजन उचलणाऱ्या, अंगात चरबी नसलेल्या दणकट मुली त्याला जाड वाटत होत्या. फोन सगळ्यांना मधल्या माणसाकडे ओढत होता. चौथऱ्याचे आकडेही तिने तपासले. त्याची ओढ कमी होती, पण दिशा तीच.

वगळलेल्या एकोणीसमध्ये अकरा कुस्तीच्या होत्या.

दहा वाजता मॅडम आल्या. ताईने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

"बसा ना."

"आधी वाचा."

मॅडमनी वाचला. चष्मा काढून परत वाचला. बोळातून एक ढकलगाडी गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"हे तुम्ही मुद्दाम..."

"नाही."

"नाही, मुद्दाम केलं नाहीत हे मला माहीत आहे. मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं, चिडता तरी आलं असतं." मॅडमनी कागद खाली ठेवला. "दोन्ही मोजमापं एकाच हातात दिली कुणी? मीच. एका बाईने फोन धरायचा, दुसरीने मशीन, एकीचा आकडा दुसरीला कळता कामा नये. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण तुम्ही म्हणजे आमच्यासाठी तो ठोकळाच. ठोकळ्यावर कोण संशय घेतं?"

"घ्यायला हवा. रोज घेतो."

मॅडम किंचित हसल्या आणि लगेच थांबल्या. "अहवाल मागे घ्यावा लागेल. तुमचं नाव येईल त्यात. माझंही. मी आजच लिहिते, पण समितीपुढे जायला पंधरा दिवस लागतील."

"शनिवारी वजनं आहेत, मॅडम."

"कुणाची?"

ताईने सांगितलं. पाळीचं सांगितलं, नडगीचं सांगितलं, दोन दिवस पाणी बंद करणार तेही. मॅडम ऐकता ऐकताच फोनकडे हात नेत होत्या. मग हात थांबला. "मी सरांशी बोलते. पण त्या मुलीला तुम्ही सांगा. पत्राने नको."

गुरुवारी ठिणगी पायाचं चित्र काढायला आली तेव्हा कोच सर बरोबर होते. उंच, पोट आत घेऊन चालणारे, आवाज कायम मैदानातला. बोळातल्या बाकावर दोघांच्या मध्ये एक रिकामी जागा होती. ताई तिथे बसली नाही, समोर उभी राहिली.

"मॅडमनी सांगितलं मला," सर म्हणाले. "ताई, तुमचाच अहवाल भिंतीवर लावलाय मी. त्यात लिहिलंय तीन टक्क्यांच्या आत. आता शनिवार तोंडावर आला आणि तुम्ही म्हणता सात."

"काही मुलींमध्ये सात. हिच्यात चारच्या पुढे."

"आणि तुमचं मशीन काय देवाने पाठवलंय? तेही अंदाजच करतं ना?"

"करतं. एक-दीड टक्का तेही चुकतं. अंगात पाणी कमी असलं तर आणखी. खरं माप हवं तर पाण्याचं वेगळं, आकारमानाचं वेगळं, हाडाचं वेगळं मोजून सगळं एकत्र मांडतात. ते आमच्याकडे नाही. पण माझं मशीन आत बघतं, सर. फोन फक्त बाहेरून बघतो. बाहेरून हिची मांडी म्हणजे मांडीचा घेर. तो घेर मांसाचा की चरबीचा, ते त्याला ठाऊक नाही. बहुतेक मुलींमध्ये एवढ्या घेरात चरबी असते म्हणून तो हिच्यातही ती धरतो."

"म्हणजे मी फार दणकट आहे म्हणून जाड," ठिणगी म्हणाली. कुणी हसलं नाही.

"उद्या सकाळी परत ये," ताई तिला म्हणाली. "आज पोटभर पाणी पी, नीट जेव. आधी लघवी तपासू, पाणी पुरेसं आहे का बघू. मग मशीन. आकडा मी बघणार नाही, शेजारच्या खोलीतली तंत्रज्ञ बाई बघेल आणि सरळ मॅडमना देईल. त्यात तू त्रेपन्नला बसलीस तर मी स्वतः सरांची माफी मागेन."

"आज पाणी प्यायले तर शनिवारी वजनात बसणार नाही मी."

"हो."

"म्हणजे उद्या तुमचा आकडा काहीही आला तरी मी गेलेच."

ते खरं होतं. ती मुलीकडे न बघता बाकाच्या लोखंडी पायाकडे बघत राहिली.

"मग आधी का नाही सांगितलंत? सहा आठवडे मी भाकरीचे तुकडे मोजून खाल्ले. रात्री भूक लागली की दात घासायचे, ठाऊक आहे? दात घासले की खायची इच्छा जाते. एकदा जिन्यात चक्कर येऊन बसले, कुणाला सांगितलं नाही. तेव्हा कुठे होतात?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "पण माहीत करून घेणं माझं काम होतं. ते मी केलं नाही."

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काही वेळ ते टोपीची कडा बोटाने दाबत बसले. "जिन्यात चक्कर आली हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, बस कर."

"म्हणालोच असतो."

"म्हणूनच."

आतून नाव पुकारलं. ठिणगी उठली, उजवा पाय राखून चालत गेली. दार मिटलं. सर आणि ताई बाकावर बसून राहिले. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले तेव्हा दोघेही एकदम उठले. नडगीच्या हाडात बारीक तडा होता. अजून आरपार गेला नव्हता. शनिवारी त्या पायावर जोर पडला असता तर गेला असता, असं ते शांतपणे म्हणाले आणि निघून गेले.

आता चाचणीचा प्रश्नच उरला नव्हता. तरी शुक्रवारी सकाळी ठिणगी आली. कुणी बोलावलं नव्हतं. सरांनी फक्त बसमध्ये बसवून दिलं होतं. पाणी पुरेसं निघालं. काट्यावर पंचावन्न किलो शंभर. ताईने तिला टेबलावर झोपवलं, पट्टा बांधला आणि पडद्यावर जाड कापड टाकलं. "हलू नकोस," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या टेबलावर होतं आणि तिने त्याचं हाड उमटताना पाहिलं नाही.

आकडा मॅडमनी वाचून दाखवला. चरबी पंधरा टक्के. बिनचरबीचं वजन पावणेसत्तेचाळीस किलोच्या जरा वर. चौदाच्या नियमाने खाली उतरायची हद्द साडेचोपन्न किलो. फोनने ती बावन्नच्याही खाली दाखवली होती.

"म्हणजे त्रेपन्न कधी नव्हतंच माझं," ठिणगी म्हणाली. कानातलं घालता घालता ती थांबली. "मी कशाच्या मागे पळत होते मग?"

"आमच्या आकड्याच्या," मॅडम म्हणाल्या.

ठिणगीने ताईकडे पाहिलं. ताईने नजर खाली घेतली नाही. मुलगी काहीही बोलली असती तरी तिने ऐकून घेतलं असतं, पण ती पिशवी उचलून गेली.

शनिवारी सुट्टी असूनही ताई खोलीत आली. ठोकळा झोपवला. आकडा येण्याआधी कालच्या आकड्यावर तिने एक कोरा कागद ठेवला होता. टेलरने पाहिलं असतं तर हसला असता. आकडा लिहून तिने कागद उचलला. दोन्ही जवळजवळ सारखेच होते. नवं पान काढून तिने चाळीस मुलींची नावं लिहायला घेतली, केंद्रातल्या सगळ्यांची. मॅडमनी ठरवलं होतं की पुढच्या आठवड्यापासून दोन-दोन जणी बोलवायच्या, आधी कुस्तीच्या. फोन दुसरी बाई धरणार होती, आणि पहिलाच फोटो मोजायचा होता.

नऊला फोन वाजला. ठिणगी होती. मागे लाउडस्पीकरचा आवाज, माणसांचा गलका.

"मी इथे आलेय. बघायला. आत्ता वजनं चाललीत." ती थांबली. "माझं नाव पुकारलं, ताई. यादीतून काढायचं राहिलं होतं. सगळे इकडेतिकडे बघत होते."

"मग?"

"मग काही नाही. मी इथेच बसून केळं खातेय."

ताईने नावांचं पान बाजूला सरकवलं.

"रागावली आहेस?"

"हो."

"बरं."

"बरं काय? रागावलेच आहे मी." पण तिने फोन ठेवला नाही. मागे कुणाचं तरी वजन मोठ्याने सांगितलं गेलं, त्रेपन्न, आणि टाळ्या वाजल्या. ताई रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली. मग पलीकडे केळ्याचं साल कागदात गुंडाळल्याचा आवाज आला.

"सहा आठवड्यांनी पायाचं परत बघायचंय म्हणाले," ठिणगी म्हणाली. "तेव्हा येईन. सकाळी लवकरची वेळ द्या."

"साडेआठला ठोकळा असतो," ताई म्हणाली. "नऊला ये."